जखमेचा फोटो सरांना पाठवायचाय: वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी

रात्रीचे साडेअकरा. सर्जरी वॉर्डात ५८ वर्षांच्या एक आजी दाखल झाल्या आहेत. बारा वर्षांचा मधुमेह, डाव्या पावलाला जखम. ड्रेसिंग सोडल्यावर करंगळी काळी पडलेली दिसते आणि तळव्याकडून पू येतोय. युनिटचे सर घरी आहेत. फोनवर ते म्हणतात, "फोटो टाक, बघतो."

पहिल्या आठवड्यातच हा प्रसंग येतो, म्हणून तोच धरून पुढे जाऊ. रुग्णालयाचं धोरण म्हणून जी दोन-चार पानं सही करायला देतात, त्यातलं बहुतेक सगळं या एका फोटोत येऊन जातं. तुमच्या रुग्णालयाचं लेखी धोरण इथल्यापेक्षा कडक असेल तर तेच पाळायचं. काही ठिकाणी स्वतःच्या फोनवर फोटो काढायलाच बंदी असते आणि वॉर्डाचा वेगळा फोन किंवा टॅब ठेवलेला असतो. ड्यूटीवर रुजू होताना सिस्टर इन्चार्जना हे आधी विचारून ठेवा. मध्यरात्री कपाटाची किल्ली शोधत बसावं लागू नये.

आधी ठरवा, फोटो कशासाठी

एकाच फोटोचे चार उपयोग होऊ शकतात: केसपेपरसोबत नोंद म्हणून ठेवणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, विद्यार्थ्यांना शिकवणं आणि परिषदेत किंवा नियतकालिकात छापणं. प्रत्येकासाठी संमती वेगळी लागते. संमतीपत्रात चार चौकटी वेगवेगळ्या असतात त्या याचसाठी. आजींनी "सरांना दाखवा" म्हटलं म्हणजे बॅचच्या ग्रुपवर टाकायला होकार दिला असं होत नाही. भरती होताना नातेवाइकांनी सही केलेला "उपचारास संमती" हा छापील कागदही यातल्या कुठल्याच गोष्टीची परवानगी देत नाही. सर्वात जास्त गल्लत इथेच होते, आणि बहुतेक वेळा वाईट हेतूनं होत नाही. केस चांगली वाटली, म्हणून मित्राला पुढे पाठवली, एवढंच झालेलं असतं.

दुसरा प्रश्न: फोटोशिवाय भागेल का? सर विचारणार ते साखर किती, नाडी लागते का, ताप आहे का. हे शब्दांत सांगता येतं. जखमेचा रंग, पसारा आणि कडा मात्र शब्दांत नीट उतरत नाहीत, म्हणून इथे फोटोला अर्थ आहे. याउलट ज्या अहवालातले आकडे वाचून सांगता येतात, त्या अहवालाचा फोटो काढून पाठवू नका. त्यावर नाव, वय, मोबाइल नंबर सगळं छापलेलं असतं.

विचारायचं कसं

संमती म्हणजे समजून दिलेला होकार. तो रुग्णाच्या भाषेत, पलंगाजवळ बसून घ्यायचा. साधारण असं बोला:

"आजी, तुमच्या पायाच्या जखमेचा फोटो काढायचाय. आमचे मोठे डॉक्टर आत्ता घरी आहेत. त्यांना फोनवर पाठवून पुढं काय करायचं ते विचारते. फोटोत फक्त पाऊल येईल, चेहरा नाही, नाव नाही. एक प्रत तुमच्या कागदांसोबत राहील आणि माझ्या फोनमधून मी काढून टाकीन. नको वाटत असेल तर तसं सांगा. उपचार तेच होतील, मी सरांना तोंडी सांगून विचारीन."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हटलं तर डॉक्टर बघणार नाहीत, अशी भीती सरकारी वॉर्डात आलेल्या माणसाला असतेच, आणि भीतीपोटी आलेला होकार हा होकार नव्हे. आजी बहुधा विचारतील, "गावात कुणाला दिसणार नाही ना?" त्याचं खरं उत्तर द्या: पाठवलेली गोष्ट शंभर टक्के परत घेता येत नाही, म्हणूनच ओळख पटेल असं काही फोटोत येऊ देत नाही.

सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार शक्यतो आपल्या युनिटबाहेरचा असावा. रात्री फॉर्म सापडला नाही तर तोंडी होकार घेऊन केसपेपरवर वेळेसह लिहा, सोबतच्या सिस्टरची सही घ्या, आणि सकाळी फॉर्म पूर्ण करा.

रुग्ण बेशुद्ध असेल तर जवळच्या नातेवाइकाला विचारायचं, पण फक्त उपचारापुरतं. शिकवण्यासाठीचा किंवा छापण्यासाठीचा होकार नातेवाईक अशा वेळी देऊ शकत नाहीत असंच धरून चाला. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला स्वतःला सांगायचं. ते नको म्हणाले तर उपचाराची नोंद राहते, बाकीच्या सगळ्या प्रती जातात. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडिलांची संमती लागते, आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारायचं. दहा वर्षांचं मूल "नको" म्हणून तोंड फिरवत असताना आईची सही पुढे करणं शोभत नाही.

फोटो काढताना

हातमोजे घातलेल्या हातानं फोन धरू नका. एकानं पाय आणि मोजपट्टी सांभाळायची, दुसऱ्यानं स्वच्छ हातांनी फोटो काढायचा. नाहीतर जखमेतले जंतू फोनवर आणि फोनवरचे पुढच्या पलंगावर. पडदा ओढा. जखम सलाइननं धुऊन, टिपून घ्या. सुकलेलं रक्त आणि मलम तसंच असेल तर सरांना जखम दिसणार नाही.

पायाखाली हिरवा किंवा निळा धुतलेला टॉवेल पसरा. त्यानं रंग खरा दिसतो, आणि शेजारचा पलंग, भिंतीवरचा पलंग नंबर, उघडं पडलेलं रजिस्टर हे सगळं चौकटीबाहेर राहतं. फ्लॅश बंद. ओल्या जखमेवर फ्लॅश पडला की पांढरा डाग चमकतो आणि नेमकी खोली झाकली जाते. कुणाला तरी बाजूनं टॉर्च धरायला सांगा. फोन जखमेला चिकटवून धरला तर जवळचा भाग फुगून दिसतो, म्हणून हातभर लांबून थोडं झूम करा आणि कॅमेरा जखमेच्या अगदी समोर, सरळ धरा.

तीन फोटो पुरतात. पहिला घोट्यापासून बोटांपर्यंत, म्हणजे जखम कुठे आहे ते कळतं. दुसरा जवळून, कागदी मोजपट्टी जखमेच्या कडेशी आणि त्याच पातळीवर ठेवून. तिसरा तळव्याकडून. मोजपट्टीवर तारीख, "डावा" आणि आयपीडी नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. नाव लिहू नका. "डावा" लिहायला मात्र विसरू नका. सेल्फीच्या बाजूचा कॅमेरा काही फोनमध्ये उलटी प्रतिमा साठवतो, आणि जवळून काढलेल्या तळव्याच्या फोटोत डावं-उजवं पटकन ओळखू येत नाही. एकाच रात्री वॉर्डात मधुमेही पायाचे दोन रुग्ण असणं नवलाचं नाही. चार आकडे त्यासाठी.

आता ओळखीच्या खुणा. चेहरा टाळायचा हे सगळ्यांना माहीत असतं. निसटतात त्या वेगळ्याच गोष्टी: हातावरचं गोंदण, त्यात कधी नवऱ्याचं किंवा देवाचं नाव, जोडवी, मंगळसूत्र, ताईत, जन्मखूण, मनगटावरची रुग्णालयाची पट्टी. आजींचा हात पायाजवळ आला आणि त्यावरचं गोंदण फोटोत आलं, तर त्यांच्या गावातल्या कुणाही बाईला तो हात ओळखता येईल. काढता येतं ते विचारून काढा, काढता येत नाही ते टॉवेलनं झाका. नंतर फोनवर पुसून टाकू असं म्हणू नका. खाडाखोड करायच्या साधनातला हायलायटर थोडा पारदर्शक असतो. त्यानं चार वेळा रेघ मारली तरी उजेड वाढवला की खालचं अक्षर वाचता येतं. कापलेला फोटोसुद्धा कित्येक फोनमध्ये एका बटणावर मूळ रूपात परत येतो. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते हा समजही जुना आणि चुकीचा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं ती अपुरी ठरवली आहे.

एक्सरे, ईसीजी आणि सीटीचा फोटो काढताना कोपऱ्यात छापलेलं नाव आणि नंबर कागदाच्या पट्टीनं झाकून मगच काढा.

पाठवताना

पाठवण्याआधी फोनमधल्या सेटिंग एकदाच नीट करून ठेवा. हे काम रात्रीचं नाही, रुजू व्हायच्या दिवशीचं आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये:

```
Settings > Chats > Media visibility : बंद
Settings > Storage and data > Media auto-download : Photos वरची खूण काढा
Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup : चालू
```

आयफोनवर `Settings > Chats` मध्ये `Save to Photos` बंद करा. पहिली सेटिंग चालू राहिली तर आलेला प्रत्येक फोटो गॅलरीत उतरतो, आणि गॅलरी घरी मुलाच्या हातात असते. याशिवाय गूगल फोटोज किंवा आयक्लाउडचा आपोआप बॅकअप चालू असेल, तर कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही मिनिटांत तुमच्या खात्यात चढतो. तेच खाते घरच्या लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर उघडं असेल, तर आजींचं पाऊल तिथेही दिसणार. ड्यूटीच्या फोनवर हा बॅकअप बंदच ठेवा.

फोटो सरांच्या वैयक्तिक चॅटवर पाठवा, ग्रुपवर नाही. युनिटच्या ग्रुपवर गेल्या वर्षी पास होऊन गेलेले, दुसऱ्या शहरात गेलेले आणि कधी औषध कंपनीचे प्रतिनिधीही अजून असतात. धोरणानं ग्रुपला परवानगी दिली असेल, तर त्याचा ॲडमिन एक ठरलेला शिक्षक असावा आणि बदली झालेल्यांची नावं दर महिन्याला निघावीत.

"डॉक्युमेंट" म्हणून पाठवू नका. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याला लहान करतं आणि त्यात दडलेली जागेची माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून गेला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसह. बारकावे हवेत म्हणून पाठवायचं असेल तर `HD` निवडा.

एकदाच दिसणारा `View once` फोटो सुरक्षित वाटतो, पण सल्ल्यासाठी आम्ही तो सुचवत नाही. सरांना पाच मिनिटांनी पुन्हा कडा बघायच्या असतात. आणि समोरच्याला दुसऱ्या फोननं पडद्याचा फोटो काढायचा असेल तर तो काढतोच. त्यापेक्षा त्या चॅटला `Disappearing messages` मध्ये २४ तास लावा. पण त्याआधी नोंद केसपेपरमध्ये आणि प्रत रेकॉर्डमध्ये गेलेली असायला हवी. नाहीतर कशाच्या आधारावर निर्णय झाला हेच उरत नाही.

फोटोसोबत मजकूर पाठवा. फोटोला वास येत नाही, बोटाखाली कुरकुर लागत नाही, नाडी लागत नाही. मधुमेही पायात त्वचेखाली वायू धरलेला असणं ही तासांत निर्णय घ्यायची गोष्ट आहे, आणि फोटोत ती अनेकदा दिसत नाही. म्हणून असं लिहा:

"अखेरचे ४७१२. महिला ५८. डावं पाऊल. करंगळी काळी, तळव्याकडून पू. जखम ४ बाय ३ सेंमी. घोट्याजवळची नाडी लागते. दाबल्यावर कुरकुर नाही. ताप १०१, साखर ३८६, बीपी ११०/७०. संमती घेतली आहे, फक्त सल्ल्यासाठी. कृपया पुढे पाठवू नये."

यात नाव नाही, गाव नाही. पाठवल्यावर फोन करा आणि आकडे तोंडी जुळवा: "सर, ४७१२, डावं पाऊल, मिळालं?" त्यांनी सांगितलेली औषधं आणि निर्णय ऐकताच परत म्हणून दाखवा. निळ्या खुणा आल्या म्हणजे निर्णय झाला असं धरू नका. घरी कुणीतरी फोन हाताळला तरी निळ्या खुणा येतात.

पाठवल्यानंतर

केसपेपरवर लिहा: "रा. ११:५०. डाव्या पावलाचे ३ फोटो तोंडी संमतीनंतर काढले, युनिटप्रमुखांना व्हॉट्सॲपवर पाठवले. सल्ला: ... रेकॉर्डमध्ये प्रत जमा. फोनमधून काढले रा. १२:३०." खाली सही, आणि हजर असलेल्या सिस्टरांची सही. प्रत रुग्णालयाच्या संगणकावर किंवा रेकॉर्ड विभागात ठरलेल्या ठिकाणी जाते. ती जमा झाल्यावरच फोनमधला फोटो काढायचा.

काढायचा म्हणजे तीन ठिकाणांहून: चॅटमधून, गॅलरीतून आणि गॅलरीच्या कचरापेटीतून. आयफोनच्या `Recently Deleted` मध्ये फोटो ३० दिवसांपर्यंत राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो. तिथून हातानं रिकामा करा.

चुकून भलत्याच ग्रुपवर गेला तर लाजून थांबू नका. संदेश दाबून धरा आणि `Delete for everyone` निवडा. घाईत `Delete for me` दाबलं गेलं तर फोटो फक्त तुमच्यासमोरून जातो, ग्रुपवर तसाच राहतो, आणि मग तो काढणं तुमच्या हातात उरत नाही. हे दाबलं गेलंच तर पडद्यावर काही क्षण `Undo` दिसतं, ते लगेच दाबा. सगळ्यांसाठी काढायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, पण कुणी आधीच उतरवून घेतला असेल तर तो त्यांच्याकडे राहू शकतो. म्हणून ग्रुपवर स्पष्ट लिहा की उतरवलेला फोटो काढा आणि काढल्याचं कळवा. त्याच रात्री वरिष्ठांना सांगा, सकाळी लेखी द्या. आजींनाही सांगायचं. हे अवघड जातं, पण त्यांना बाहेरून कळण्याआधी आपल्याकडून कळलं पाहिजे.

हे फोटो तुमच्या फोनवर काढूच नका

लैंगिक अत्याचाराची कुठलीही केस, मग ती मोठ्या बाईची असो की पॉक्सोखालची. गर्भपाताची केस. एचआयव्हीची स्थिती जिथे कळते तो कुठलाही कागद. गुप्तांगांचे फोटो. आणि सगळ्या मेडिकोलीगल केसेस: मारामारी, भाजणं, विषबाधा, अपघात. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संमतीशिवाय खासगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई खाली येतं. एचआयव्हीबद्दल २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. या फोटोंची गरज असेल तर रुग्णालयाचा कॅमेरा, लेखी संमती, सोबत स्त्री कर्मचारी, आणि फोटो थेट रेकॉर्डमध्ये.

मेडिकोलीगल केसमध्ये आणखी एक अडचण आहे. वर "काढून टाका" म्हटलं, तो नियम इथे उलटा चालतो. मूळ फाइल पुरावा असते. ती पुसली, कापली किंवा व्हॉट्सॲपवरून लहान होऊन आली तर न्यायालयात तिचं मोल घटतं, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात मूळ फाइलच्या हॅश मूल्याची नोंद असते. ती फाइल तुमच्या फोनमध्ये असेल तर फोनच जमा करायची वेळ येऊ शकते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी रुग्णाचे फोटो लागतात, तेही इथेच सांगायला हवं. ते योजनेच्या पोर्टलवर चढवायचे असतात. पण प्रत्यक्षात "मला व्हॉट्सॲपवर टाका, मी चढवतो" असं होतं, आणि ऑपरेटरच्या फोनमध्ये चेहऱ्यासकट शेकडो रुग्ण साठत जातात. वॉर्डातल्या संगणकावरूनच चढवा, किंवा योजनेच्या टेबलावरचा रुग्णालयाचा फोन पलंगापाशी मागवा.

नियम काय म्हणतात, थोडक्यात

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत कलम ७.१४ रुग्णाची गुपितं जपायला सांगतं, आणि ७.१७ ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापायला मनाई करतं. त्याच कलमात असंही आहे की ओळख उघड होत नसेल तर संमतीची गरज नाही. वाद घालणारा सीनिअर हेच वाक्य दाखवतो. पण ओळख पटते की नाही हे आपण ठरवत नाही, रुग्णाचे शेजारीपाजारी ठरवतात. म्हणून रुग्णालयाचं धोरण एक पायरी पुढे जाऊन प्रत्येक फोटोला संमती मागतं, आणि ते बरोबरच आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी व्हॉट्सॲपसारखी माध्यमं चालवून घेतली, पण नोंद ठेवायची जबाबदारी डॉक्टरवरच टाकली. आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी रुग्ण तुमचाच राहतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक हेतूसाठीच असते, आणि ती मागे घेणं दिल्याइतकंच सोपं असायला हवं.

सहा आठवड्यांनी आजींची जखम भरत आली आणि युनिटला हाच फोटो परिषदेत दाखवायचा आहे, असं समजा. जुनी सही चालणार नाही. ओपीडीत ड्रेसिंगला आल्या की त्यांना ती स्लाइडच उघडून दाखवा, कुठे आणि कुणापुढे दाखवणार ते सांगा, आणि एकदा छापून किंवा इंटरनेटवर गेल्यावर परत आणता येणार नाही हेही सांगा. घरी लेकीला विचारून सांगते म्हणाल्या तर पुढच्या ड्रेसिंगपर्यंत थांबा. नको म्हणाल्या तर स्लाइड बदलायची, आणि केसपेपरवर तशी एक ओळ लिहायची, म्हणजे पुढच्या रजिस्ट्रारनं त्यांना पुन्हा विचारू नये.